अनुकूल बाजूचे पहिले भाषण: अकरा मुद्द्यांतून तीन

प्रश्न: मॅडम, मी नववीत आहे, आमचं गाव यावल तालुक्यात. वादविवाद स्पर्धेला "रावेर-यावल पट्ट्यात शेतीसाठी नव्या बोअरवेलवर पाच वर्षे बंदी असावी" हा विषय आलाय आणि मला अनुकूल बाजूने पहिलं बोलायचंय. वेळ पाच मिनिटं. सर म्हणाले, तीन मुद्दे स्पष्ट पाहिजेत. माझ्याकडे अकरा जमलेत! त्यातले तीन कसे निवडायचे आणि भाषण कसं लिहायचं?

उत्तर:

अकराही मुद्दे सध्या बाजूला ठेव. आधी एका कागदावर प्रतिकूल बाजूचा वक्ता काय बोलेल ते लिहून काढ, आणि त्याच्याच आवेशात लिही. या विषयावर तो चार गोष्टींपलीकडे फारसा जाणार नाही. शेत माझे, तर खालचे पाणीही माझे. बंदी कशाला, पाणी जिरवा की. कायदा आधीच आहे, तोच कुणी पाळत नाही, मग नवी बंदी कोण पाळणार? आणि सगळ्यात जड गोष्ट अशी की ज्यांच्या शेतात आधीच तीन-तीन बोअर आहेत ते मजेत राहतील आणि ज्याच्याकडे एकही नाही तो कोरडवाहूच राहील. हे शेवटचे लिहिताना तुझे तुलाच वाटेल की पोरगा बोलतोय ते खरे आहे. वाटू दे. तुझा तिसरा मुद्दा तिथूनच निघणार आहे.

आपल्याकडच्या स्पर्धांत तीन मुद्दे म्हटले की मुले तीन खाने आखतात: पर्यावरण, अर्थकारण, समाज. विषय बोअरचा असो, मोबाइलचा असो की परीक्षा पद्धतीचा, खाने तेच. मग "पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता" म्हणून एक मिनिट, "आर्थिक दृष्टीने पाहता" म्हणून एक मिनिट. ऐकायला नीटनेटके वाटते, पण परीक्षकाच्या कागदावर काहीच उतरत नाही, कारण त्यातल्या कुठल्याच वाक्याला कुणी "नाही" म्हणू शकत नाही. भूजल वाचले पाहिजे हे प्रतिकूल बाजूलाही मान्य आहे. तुला सिद्ध करायचे आहे ते त्याहून बरेच अरुंद आहे: याच पट्ट्यात, नव्याच बोअरवर, बंदीच.

म्हणून तुझ्या अकरा मुद्द्यांना एकेक करून दोन प्रश्न विचार. हा मुद्दा पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट लिहिता येतो का, आणि समोरचा त्याला "नाही, चूक आहे" असे म्हणू शकतो का? "पाणीटंचाई" हा मुद्दाच नाही, ते नुसते शीर्षक झाले. "नवी बोअर नवे पाणी आणत नाही, ती शेजारच्या विहिरीतले उचलते" हा मुद्दा आहे, कारण त्यावर भांडता येते. माझा अंदाज आहे की अकरापैकी सहा-सात इथेच गळतील. उरलेल्यांतून असे तीन घे की एक काढला तर दावा लंगडा पडेल. तुझ्या विषयात ते तीन मला असे दिसतात. पहिला, नुकसान नव्या बोअरमुळेच होते. दुसरा, पाणी जिरवण्याचा उपाय बंदीशिवाय टिकत नाही. तिसरा, बंदी नसेल तर आधी छोटा शेतकरी मरतो. पहिल्याने "माझे शेत, माझे पाणी" याला उत्तर मिळते, दुसऱ्याने "बंदी नको, जिरवा" याला, तिसऱ्याने "गरिबावर अन्याय" याला. म्हणजे खंडनाची वेळ येण्याआधीच समोरच्याच्या चारपैकी तीन वाटांवर तू उभी असशील.

आता व्याख्या. पहिल्या वक्त्याचे अर्धे काम हेच असते आणि याच कामात मुले सगळ्यात जास्त कंजुषी करतात. शब्दकोशातला अर्थ सांगू नकोस. बोअरवेल म्हणजे काय हे यावल-रावेरच्या सभागृहात कुणाला सांगावे लागत नाही. सीमा कुठे आहे ते सांग. नवी म्हणजे काय? जुनीच बोअर आणखी खोल केली तर ती नवी की जुनी? तू गप्प राहिलीस तर प्रतिकूल बाजू म्हणेल, "लोक जुन्याच खोल करतील, बंदी फुकट." म्हणून खोलीकरणही बंदीतच आहे असे आधीच सांगून टाक. मोटार बदलणे, बोअर साफ करणे ही दुरुस्ती, ती चालेल. पिण्याच्या पाण्याची बोअर बंदीबाहेर, नाहीतर समोरचा तुला तहानलेल्या गावाची गोष्ट ऐकवेल. "पाच वर्षे" का, हेही सांगावे लागेल. एका चांगल्या पावसाळ्याने पातळी वर आली तर तो योगायोग असू शकतो. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी पाहिल्या तरच उपायाचा गुण कळतो. एवढे कारण पुरे.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण तुझ्या विषयात पुरावा तुझ्या पायाखाली आहे आणि बहुतेक मुले तो सोडून राजस्थान-इस्राएलला जाऊन येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, खडी आणि वाळूचा पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणारे पाणी त्यात झपाट्याने मुरते. तिथून तापीपर्यंत गाळाचा जाड थर आहे. त्यात वाळूचे थर पाणी धरतात आणि मधल्या चिकणमातीच्या थरांतून ते सहजी जात नाही. वाळूचा एक थर कित्येक शेतांखालून जातो, त्याला बांध माहीत नसतो. म्हणून "पाणी सामाईक आहे" हे तुझे वाक्य या पट्ट्यात खरे ठरते. पारोळा-चाळीसगावकडचे उदाहरण मात्र घेऊ नकोस. तिकडे काळा पाषाण आहे, पाणी खडकाच्या भेगांत असते, एका शेतात लागते आणि शेजारी लागत नाही. तिथला दाखला दिलास तर समोरचा तुझा पहिला मुद्दा त्याच दाखल्याने पाडेल.

रावेर आणि यावल ही नावे भूजलाच्या सरकारी मूल्यांकनांत "अतिशोषित" यादीत अनेकदा आलेली आहेत. जितके पाणी दरवर्षी मुरते त्यापेक्षा जास्त उपसले जाते, तेव्हा हा शब्द वापरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुझ्या गावाजवळच्या विहिरीच्या नोंदी यंत्रणेच्या जळगावच्या कार्यालयात विचारायला सरांना सांग. तोवर घरचा पुरावा गोळा कर. आजोबांना, काकांना, शेजारच्यांना विचार: आपल्या शिवारात कुणी कोणत्या साली बोअर घेतली, किती फुटांवर पाणी लागले, जुनी विहीर कोणत्या साली सोडून दिली. पाच-सहा नोंदी साल लावून एका कागदावर आल्या की उतरण आपोआप दिसते. "आमच्या शिवारात" असे म्हणून सांगितलेल्या तीन सालांपुढे इंटरनेटवरचा मोठा आकडा फिका पडतो, शिवाय तो खोडायला समोरच्याकडे काही नसते. फक्त कुणाचे नाव भाषणात घेऊ नकोस. गावात राहायचे आहे.

एक आकडा मात्र तू स्वतः काढ, म्हणजे कुणी विचारले तर फळ्यावर मांडून दाखवता येईल. केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० झाडे बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने रोज २० लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकराला रोज साधारण ३५ हजार लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्यात माणशी रोज ५५ लिटर धरतात. भागून पाहा, एक एकर केळी रोज सहाशेवर माणसांचे पाणी घेते, तेही ठिबकवर. आकडा जबरदस्त आहे, पण तो उलटतोही. पहिल्या मिनिटाला फेकलास तर समोरचा म्हणेल, "मग केळीच बंद करा म्हणा ना!" आणि सभागृहात अर्धे लोक केळीवाले. म्हणून तो दुसऱ्या मुद्द्यात वापरायचा, बोअर आणि बंधारा यांची तुलना करताना. खाली मी तसाच वापरला आहे.

पाच मिनिटांच्या भाषणाला साडेचारशे-पाचशे शब्द पुरतात. भरभर बोलणारी मुले सातशे लिहून आणतात आणि तिसरा मुद्दा घंटेच्या आवाजात बुडवतात. मी नमुना लिहून देते. पाठ करू नकोस, त्याचा सांगाडा घे आणि शिवारातल्या नोंदी तुझ्या घाल.

"अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि मित्रहो. नव्या बोअरवर पाच वर्षे बंदी असावी, या प्रस्तावाच्या बाजूने मी उभी आहे. केळी पिकवणाऱ्या घरातून आलेली मी मुलगी आहे, त्यामुळे केळीच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही.

"आधी आमची बंदी नेमकी कशावर आहे ते सांगते. रावेर आणि यावल तालुक्यांत शेतीसाठी नवीन बोअर घेणे आणि जुनी बोअर आणखी खोल करणे, या दोन गोष्टींवर. आज चालू असलेली बोअर चालूच राहील, तिची दुरुस्ती करता येईल. पिण्याच्या पाण्याची बोअर बंदीबाहेर आहे. या पाच वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जिरवण्याची कामे होतील, दरवर्षी पातळी मोजली जाईल, आणि पाच वर्षांनी पहिला परवाना त्याला मिळेल ज्याच्या शेतात पाण्याचे एकही साधन नाही.

"माझा पहिला मुद्दा: या पट्ट्यात नवी बोअर नवे पाणी आणत नाही, ती शेजाऱ्याचे पाणी उचलते. सातपुड्यापासून तापीपर्यंत आपल्या पायाखाली गाळ आहे, त्यातल्या वाळूच्या एकाच थरावर कित्येक शेते उभी आहेत. एका ठिकाणी मोटार चालली की त्याच्या भोवती पाणीपातळीला खळगा पडतो. शेजारी दुसरी बोअर झाली की दोन खळगे एकमेकांना भिडतात आणि मधली विहीर कोरडी पडते. आमच्या शिवारात हे असे घडले: (इथे तुझी तीन साले). दरवेळी बोअर नवी होती, पाणी तेच होते. माझे प्रतिस्पर्धी म्हणतील, शेत माझे तर पाणी माझे. शेताला बांध आहे. वाळूच्या थराला बांध कुठे घालणार, ते त्यांनी सांगावे.

"दुसरा मुद्दा: बंदीशिवाय पाणी जिरवणे टिकत नाही. बंदी नको, बंधारे बांधा, असे तुम्हाला सांगितले जाईल. बंधारे आम्हालाही हवे आहेत. पण हिशेब करू. एका नव्या बोअरवर तीन एकर केळी लावली, तर भर उन्हाळ्यात रोज एक लाख लिटर पाणी लागते. शंभर दिवसांत एक कोटी लिटर, म्हणजे १० हजार घनमीटर. नाल्यावरचा छोटा सिमेंट बंधारा एका वेळी काही हजार घनमीटर पाणी धरतो. तो पावसाळ्यात दोन-तीनदा भरला, सगळे पाणी मुरले असे धरले, तरी एक नवी बोअर त्याची वर्षभराची कमाई पिऊन टाकते. पातळी जरा वर आली की गावात दोन रिग येतात. म्हणून आधी उपसा वाढणे थांबवायचे आणि मग जिरवायचे. हा क्रम उलटा केला तर सरकारचा पैसा जमिनीत जातो आणि बोअरमधून कुणा एकाच्या शेतात निघतो.

"तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: बंदी नसेल तर आधी छोटा शेतकरी हरतो. बंदीमुळे गरिबाला बोअर घेता येणार नाही, असा आक्षेप येईल. मी विचारते, आज त्याला घेता येते का? पातळी खाली गेली की सगळ्यात आधी उथळ विहीर आटते, आणि उथळ विहीर कुणाची असते? ज्याच्याकडे खोल जायला पैसा नव्हता त्याची. तो कर्ज काढून बोअर घेतो, दोन वर्षांनी शेजारचा त्याहून खोल जातो. या शर्यतीत शेवटचा फूट ज्याला परवडतो तोच जिंकतो. बंदी ही शर्यत थांबवते. आणि आमच्या प्रस्तावात पाच वर्षांनंतरचा पहिला हक्क साधन नसलेल्यालाच आहे. आज त्याला असा हक्क कुणीही देत नाही.

"पाणी एकच असल्यामुळे नवी बोअर शेजाऱ्याला कोरडे करते, जिरवलेले पाणी बंदीशिवाय राहत नाही, आणि या शर्यतीत पहिला बळी छोट्या शेतकऱ्याचा जातो. यातले एक जरी खोटे असेल तर प्रतिकूल बाजूने ते दाखवावे. नाहीतर हा प्रस्ताव मान्य करावा."

आता यात काय केले आहे ते पाहा. अभिवादन एका ओळीत संपले. "माझ्या विचारांशी सहमत असणाऱ्या आणि नसणाऱ्या" हे लांबण काढून टाकले, ते ऐकून परीक्षकांचे कान किटले आहेत. सुरुवातीला चारोळी नाही, "जल है तो कल है" नाही. त्या दिवशी तुझ्या आधी पाच जण ते म्हणून गेलेले असतील. त्याऐवजी "केळीच्या विरोधात बोलणार नाही" हे वाक्य आहे, कारण सभागृहाच्या मनात पहिली शंका तीच येते. ती काढल्याशिवाय लोक ऐकायला तयार होत नाहीत.

प्रत्येक मुद्दा "पहिला मुद्दा", "दुसरा मुद्दा" असे मोठ्याने म्हणून सुरू होतो आणि लगेच एक पूर्ण वाक्य येते. हे पोरकट वाटेल, पण परीक्षक लिहीत असतो, त्याला मान वर न करता कळले पाहिजे की तू कुठे आहेस. मुद्द्याचे वाक्य म्हटल्यावर एक श्वास थांब, त्याला ते लिहू दे, मग कारण सांग. शेवटच्या परिच्छेदात तीच तीन वाक्ये आखूड करून परत आली आहेत. तिथे नवीन काहीही घालायचे नाही, कविता तर नाहीच.

दुसरा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे, त्याला जास्त सराव लागेल. हिशेब बोलताना मुले आकडे सलग म्हणून मोकळी होतात आणि ऐकणाऱ्याला एकही उरत नाही. "रोज एक लाख लिटर" म्हटल्यावर थांब. "१० हजार घनमीटर" म्हटल्यावर परत थांब. समोरचा हुशार असेल तर विचारेल, "तुमचे झाड रोज २० लिटर पिते, पण पावसाळ्यात आणि लहानपणी कुठे पिते?" खरे आहे, म्हणून तर नमुन्यात "भर उन्हाळ्यात" आणि "शंभर दिवसांत" असे मुद्दाम म्हटले आहे. ते शब्द घाईत गाळू नकोस, ते गळले की आकडा खोटा होतो. बंधाऱ्याचेही तसेच. सगळेच पाणी मुरत नाही, काही उडून जाते, हे तुझ्याच बाजूचे आहे, पण त्याने आधी काढले तर ते त्याचे वाटेल.

पहिल्या मुद्द्यावर एक चांगला हल्ला येऊ शकतो. भूगोल पक्का असलेला मुलगा म्हणेल, खोल बोअरचा थर वेगळा असतो, मध्ये चिकणमाती असते, त्यामुळे उथळ विहिरीचे पाणी ती घेत नाही. यात तथ्य आहे, नाकारू नकोस. उत्तर एवढेच की त्या खोल थरालाही पाणी पायथ्याच्या त्याच गोटे-वाळूच्या पट्ट्यातून मिळते. वरून दोन थर दिसले तरी भरणारे तोंड एकच आहे. केंद्रीय भूजल मंडळाने फेरभरणाचे प्रयोग यावल तालुक्यात केले ते उगाच नाही, इथे पाणी आत जायला जागा आहे म्हणून. हे खंडनासाठी राखून ठेव, पहिल्या भाषणात घातलेस तर तीस सेकंद जातील.

"माझे शेत, माझे पाणी" याला समोरचा कायद्याचा आधारही देऊ शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतले, ठरावीक प्रवाह नसलेले भूजल घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आपल्या राज्याने पुढे २००९ चा भूजल अधिनियम केला, तो २०१४ पासून लागू आहे, आणि त्याने त्या हक्काला मर्यादा घातल्या. एवढे तुला माहीत असले की पुरे. वकिलासारखे कलमे म्हणत बसू नकोस.

चौथी वाट राहिली, "कायदा आहेच, पाळत कोण?" ही मी तीन मुद्द्यांत मुद्दाम घेतली नाही. पहिल्या भाषणात सगळ्याची उत्तरे द्यायला गेलीस तर तुझा दावा मागे पडतो आणि तू बचाव करत बसलेली दिसतेस. पण तयारी हवी. २००९ च्या अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. समोरचा म्हणेल, बघा, शिवारात त्याहून खोल किती आहेत. तू "लोकांमध्ये जागृती हवी" असे म्हणालीस की संपलीस. त्यापेक्षा फरक दाखव. खोलीची मर्यादा पाळली की नाही हे बघायला जमिनीतल्या भोकात मोजपट्टी सोडावी लागते, तेही काम झाल्यावर. नव्या बोअरची बंदी बघायला काहीच मोजावे लागत नाही. रिगचा ट्रक रात्रीसुद्धा गावभर ऐकू येतो, आणि त्याच अधिनियमात रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. शेतकऱ्याच्या मागे लागायचे नाही, रिगची नोंदणी धरायची. हे उत्तर चाळीस सेकंदांत बसते. घड्याळ लावून म्हणून बघ.

सराव करताना घरातल्या कुणाला तरी प्रतिकूल बाजू दे, शक्यतो ज्याला खरोखर बोअर घ्यायची आहे त्याला. वर्गमैत्रीण तुझे भाषण ऐकून टाळ्या वाजवेल. काका "अन् मग माझ्या तीन एकरांचं काय?" असे विचारतील. तिथे अडखळलीस तर तिसरा मुद्दा परत लिही, विशेषतः पाच वर्षांनंतरच्या परवान्याचे वाक्य, कारण सभागृहातला प्रत्येक काका नेमके तेच ऐकायला बसलेला असेल. हातात पूर्ण भाषण नेऊ नकोस. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन मुद्द्यांची तीन वाक्ये, शिवारातली तीन साले आणि "रोज एक लाख लिटर" एवढेच लिही. इशाऱ्याची घंटा चार मिनिटांना होते. ती ऐकू येईल तेव्हा तू तिसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर असायला हवीस. अजून दुसऱ्यातच असशील तर बंधारा दोन-तीनदा भरतो ते वाक्य सोड आणि सरळ "म्हणून आधी उपसा वाढणे थांबवायचे" इथे उडी मार.